तिरक्या चौकोनांची शाल

नर्सबाई लोकरीच्या दुकानात पहिल्यांदा शिरल्या, त्या दिवशीची हकीकत विणकामाच्या बाई अजून सांगतात. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे दार उघडताच फळीवरचे निम्मे गुंडे आपणहून खाली उतरून स्वागताला घरंगळत गेले, गल्ल्यामागचे दुकानदारकाका तीन वेळा उभे राहिले आणि चार वेळा बसले, आणि दुकानातच भरणाऱ्या बाईंच्या वर्गातल्या आठही जणींच्या सुया हवेत थांबल्या. प्रत्यक्षात एक निवृत्त नर्स अर्धा किलो राखाडी लोकर घ्यायला आली होती. पण तिच्या खांद्यावर शाल होती.

शाल टोपलीसारखी दिसत होती. तिरके चौकोन एकमेकांच्या खालून-वरून गेल्यासारखे, निळा उजवीकडे कललेला, पिवळा डावीकडे.

"पट्ट्या विणून एकमेकींत गुंफल्या असतील," बाई वर्गाला म्हणाल्या. "चिकाटीचं काम. कलेचं नव्हे."

"नाही हो, सलग आहे," नर्सबाई म्हणाल्या. "एक चौकोन झाला की त्याच्या कडेवरून टाके उचलायचे आणि पुढचा विणायचा."

आठही जणी खुर्च्यांसकट नर्सबाईंकडे वळल्या. एकोणीस वर्षांत बाईंकडे इतक्या वेगाने कुणी वळलं नव्हतं.

काकांनी आगीत तेल ओतलं. "बाई, यंदा वर्गात हीच वीण घेऊ. तुम्हाला जमत नसेल तर या शिकवतील."

"मला न जमायला काय झालं?" बाई म्हणाल्या. "सोमवारी नमुना आणते."

त्या संध्याकाळपासून बाईंच्या पोटात जे दुखायला लागलं त्यावर ओव्याचाही उपाय नव्हता. नर्सबाईंची शाल, नर्सबाईंचा चष्मा, एवढंच काय, लोकर घेऊन तिथेच विणायला बसलेल्या नर्सबाईंची बसण्याची ढबसुद्धा त्यांना सहन होईना.

"एवढी सरळ पाठ ठेवून कुणी विणतं का?" त्यांनी यजमानांना विचारलं.

"तूच सांगतेस ना सगळ्यांना, पाठ सरळ ठेवा म्हणून," ते म्हणाले, आणि रात्रीची भाजी त्यांना गार मिळाली.

बाईंनी सुरुवात झकास केली. खाली आठ-आठ टाक्यांचे त्रिकोण एका ओळीत उभे केले. मग त्रिकोणाच्या कडेवरून टाके उचलून पहिला चौकोन घेतला. प्रत्येक दुसऱ्या ओळीच्या शेवटी चौकोनाचा अखेरचा टाका शेजारच्या त्रिकोणाच्या सुईवर थांबलेल्या टाक्याबरोबर एकत्र विणायचा, म्हणजे दोघे जोडले जातात. थांबलेले टाके संपले की चौकोन पुरा. एवढं बाईंनी शालीकडे चोरून बघून ओळखलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

घोळ झाला तो टाके उचलण्यात. स्वेटरच्या बटणपट्टीसाठी बाईंचा नियम गावभर गाजलेला: चार ओळींना तीन टाके. त्याने पट्टी ना आखडते ना लोंबते. सोळा ओळींच्या कडेवरून त्यांनी सवयीने बारा टाके उचलले. पुढच्या थरात ते बारा टाके संपवायला चोवीस ओळी लागल्या, त्या लांब कडेवरून अठरा टाके आले, आणि थरागणिक चौकोन सुटलेल्या पोटासारखे वाढत गेले.

"उशी आहे का?" यजमानांनी विचारलं.

"गप्प बसा."

"नाही, फुलकोबी छान झालीय."

रविवारी दुपारी बाई ती फुलकोबी पिशवीत घालून नर्सबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. पायरीवर त्या दोनदा मागे फिरल्या. तिसऱ्यांदा दार आतूनच उघडलं.

"तुमची पद्धत जरा वेगळी वाटते," बाई म्हणाल्या. बारा गावचं पाणी प्यायलेल्या नर्सबाईंना ते पुरेसं होतं.

"दोन ओळींना एकच टाका उचला. आठ टाके, सोळा ओळी, पुन्हा आठ. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवा. कडेला साखळी पडते, आठ कड्यांची. कडीला एक टाका, मोजायलाही नको."

"पण त्याने कापड ताणेल."

"ताणायलाच हवं. त्यानेच तर ते गुंफल्यासारखं फुगतं."

बाईंनी तिथेच उसवून एक चौकोन विणला. बसला. इतका नेमका बसला की त्यांना नर्सबाईंचा नव्याने राग आला. चूक दाखवताना बाई स्वतः नेहमी ओठ मुडपून हसत, ही बया साधं हसलीसुद्धा नाही.

"वर्ग तुम्हीच घ्या हवा तर," बाई शेवटी म्हणाल्या.

"मी? मी पेशंटवरही ओरडायचे. तुमच्याच बायका, तुम्हीच घ्या."

सोमवारी बाईंनी नमुना टेबलावर ठेवला. काकांनी मान डोलावली. 'कुणी शिकवलं?' हे कुणी विचारलं नाही आणि बाईंनीही सांगितलं नाही. नर्सबाई मात्र मागच्या खुर्चीत ताठ बसून राखाडी मोजे विणत राहिल्या आणि सबंध तासभर बाईंना त्या पाठीचा त्रास होत राहिला.

वर्ग बाईंकडेच राहिला. त्या हिवाळ्यात आठ जणी होत्या. आठही जणींनी दुसऱ्या थरावर काम सोडलं आणि मोजे शिकायला मागितले.