खालची पट्टी

त्याला सगळे 'सरळबघा' म्हणत. नाव त्यानंच ओढवून घेतलं होतं. पासपोर्ट फोटोचं दुकान, आणि चाळीस वर्षं दिवसातून पन्नासदा एकच मंत्र: "सरळ बघा, हसू नका, झालं." लोक वैतागत, पण फोटो त्याच्याकडेच काढत. कारण लहान बाळाचा फोटो काढणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे, आणि त्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

खरं सांगायचं तर तो हात त्याचा नव्हताच. तो त्याच्या बायकोचा होता.

दोन महिन्यांचं बाळ काही स्टुलावर बसत नाही. त्याला कोणीतरी धरावं लागतं, आणि फोटोत तर दुसरं माणूस दिसता कामा नये. मग बायको पांढऱ्या चादरीमागे गुडघ्यांवर बसायची, चादरीखालून हात काढून बाळाला दोन्ही काखांपाशी धरायची, आणि काहीतरी गुणगुणायची. आईच्या कडेवर भोकाड पसरणारं पोर तिच्या हातात गप्प व्हायचं. फोटो काढून झाला की सरळबघा खालची पट्टी कापायचा. त्या पट्टीत तिचे हात असत. आधी कटरनं कापायचा, पुढे कॉम्प्युटर आल्यावर माऊसनं. पट्टी केराच्या टोपलीत, बाळ पाकिटात.

"माझा एक काढा की कधीतरी," ती म्हणायची.

"काढू की. तू कुठे पळून चाललीयेस?"

गेली. पावणेदोन महिन्यांचं दुखणं, आणि गेली. अख्ख्या गावाचे चेहरे ज्याच्या कॉम्प्युटरात भरले होते, त्याच्याकडे बायकोचा धड एक फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोत तिची मान खाली. ओळखपत्रावरचा फोटो नखाएवढा, त्यात तिचे डोळे मिटलेले, आणि वरून घासून घासून पांढरा पडलेला. लेकीच्या मोबाईलमध्ये दोन-तीन होते, तो मोबाईल बसमध्ये चोरीला गेला. माणसानं लाजेनं मान खाली घालावी असा प्रकार होता, आणि सरळबघा ती घालूनच फिरत होता.

लेक परगावी असायची. तिनं फोनवर एवढंच म्हटलं, "बाबा, रविवारी येतेय. आईचा एक फोटो तयार ठेवाल? घरी लावायचाय. धाकटी रोज विचारते, आजी कशी होती." यात दोष देण्यासारखं काही नव्हतं. पण फोन ठेवल्यावर तो बराच वेळ कॅमेऱ्यापुढच्या स्टुलावर बसून राहिला.

मग त्याला एक गोष्ट आठवली. कधी कधी चादर घसरायची. बाळ लाथ मारायचं, चादर पडायची, फोटो वाया जायचा. असे वाया गेलेले फोटो तो पुसून टाकायचा खरा, पण आळसापायी काही एका फोल्डरमध्ये राहून गेले होते. दोनशे बारा होते. त्यांतल्या एखाद्यात तरी ती दिसली असेल. ती दिसली म्हणून बाद झालेला एखादा फोटो.

अडचण एकच होती, आणि ती त्यानं कोणाला सांगितली नव्हती. त्याला नीट दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन करायचं ठरलं तेवढ्यात तिचं दुखणं निघालं, आणि ते राहिलं. शेवटची दोन वर्षं तीच त्याचे डोळे होती. चादरीमागून विचारायची, "आला का बरोबर?" आणि मग स्वतः उठून स्क्रीनवर बघून सांगायची, "नाही हो, हललाय. परत घ्या." गिऱ्हाइकाला वाटे, काय चोख माणूस आहे.

शेजारच्या झेरॉक्सवालीनं त्याला वाट दाखवली. तिनं त्याच्या कॉम्प्युटरवर ते सगळ्यांच्या तोंडी असलेलं उत्तरं देणारं यंत्र उघडून दिलं, अक्षरं ठसठशीत मोठी करून दिली आणि म्हणाली, "काका, इथे मराठीतच विचारा. इंग्रजी अक्षरांत लिहिलंत तरी त्याला समजतं."

देवनागरी टाईप करणं त्याला कधी जमलं नव्हतं. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यानं लिहिलं:

"tula photo disto ka? aani disto tar kay kay sangu shaktos?"

उत्तर त्याच्यासारखंच आलं, इंग्रजी अक्षरांतली मराठी:

"Ho, tumhi ithe pathavlela photo mi baghu shakto. Tyat kay distay te sangu shakto. Pan tumchya computer madhle photo mi swatahun ughadu shakat nahi."

वाचायलाच त्याला पाच मिनिटं लागली, पण जीव भांड्यात पडला. त्यानं ओळखपत्रावरचा तो नखाएवढा फोटो काढून पाठवला आणि लिहिलं, ही माझी बायको, दोनशे बारा फोटोंत ही कुठे आहे ते शोध.

यावर यंत्रानं सरळ सांगितलं. हा फोटो फार लहान आणि झिजलेला आहे. तसंही, चेहऱ्यावरून ही तीच व्यक्ती, असं मी सांगत नाही. तुम्ही थोडे थोडे फोटो पाठवा. बाळामागे मोठं माणूस दिसतंय का, चादर घसरलीय का, चेहरा पूर्ण आहे की अर्धा, हे मी सांगेन. अंधूक फोटोत माझी चूकही होऊ शकते. ती तुमच्या पत्नी आहेत की नाहीत, हे मात्र तुम्हालाच बघावं लागेल.

शेवटचं वाक्य त्यानं वाचलं आणि सोडून दिलं. मला बघावं लागेल, म्हणे! चाळीस वर्षं संसार केला, बायकोला ओळखणार नाही होय!

तीन दिवस तो दुपारी दुकान बंद ठेवून बसला. पाच-पाच फोटो पाठवायचा. उत्तरं यायची: पहिल्यात फक्त बाळ आणि चादर. दुसऱ्यात चादरीखाली दोन हात. तिसऱ्यात वरच्या कडेला थोडे केस, चेहरा नाही. चौथ्यात कोणी वाकलेलं आहे, पाठ दिसते. केस, कोपर, पाठ, बोटं. बायको अशी तुकड्यातुकड्यांनी येत होती आणि चेहरा काही येत नव्हता. एकदा त्याला इतकं भरून आलं, की त्यानं लिहिलं, "ti kadhich disat nahi ka?" यंत्रानं लिहिलं, की हे तुम्हाला किती जड जात असेल ते समजतं, घाई नाही, थांबून पुढचे पाठवा. तो थांबला नाही.

शनिवारी, एकशे अडुसष्टावा.

यंत्रानं सांगितलं: चादर उजवीकडून घसरली आहे. बाळाच्या मागे, जरा बाजूला, एक बाई उभी आहे. तिचा चेहरा पूर्ण आणि स्पष्ट दिसतो, ती हसते आहे. निळे कपडे आहेत. खाली दोन हातांनी बाळाला धरलं आहे. ते हात त्याच बाईचे की चादरीमागच्या आणखी कोणाचे, हे नक्की कळत नाही.

त्यानं वाचलं ते एवढंच: चेहरा पूर्ण दिसतो, ती हसते आहे.

त्यानं फोटो मोठा केला, नाक स्क्रीनला टेकेपर्यंत जवळ गेला. दुधाळ पडद्यामागे एक निळा ठिपका, त्यावर गोल चेहरा, पांढरे दात. निळा रंग तिच्या आवडीचा. "सापडली," तो मोठ्यानं म्हणाला, आणि रिकाम्या दुकानात ढसाढसा रडला. मग डोळे पुसून कामाला लागला. चांगला कागद काढला, मोठी प्रिंट काढली, कटरखाली धरली, सवयीनं खाली दोन बोटं ठेवून माप घेतलं आणि कापली. फ्रेममध्ये चपखल बसली. इतकं सुबक काम त्यानं वर्षात केलं नव्हतं.

रविवारी लेक आली. त्यानं फ्रेम कागदात गुंडाळून ठेवली होती. तिच्या हातात दिली आणि लहान मुलासारखा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तोंड त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून तो आवाजाची वाट बघत होता.

आवाज येईना.

लेकीनं फ्रेम बघितली, बापाकडे बघितलं. तिच्या मनात आलं, म्हणावं, किती छान आलीय आई. एवढं म्हटलं की झालं, कोणाचं काय जातंय? पण हा फोटो तिच्या घरी भिंतीवर लागणार होता, आणि धाकटी त्याच्याकडे बघून आजी म्हणणार होती.

"बाबा," ती हळू म्हणाली, "ही आई नाहीये."

"चेष्टा करू नकोस."

"बाबा, ही त्या बाळाची आई असेल. हिच्या कानात मोठे डूल आहेत. आईनं कधी घातले? आणि ही वयानं केवढी लहान आहे!"

तो स्टुलावर बसला, तिथेच, कॅमेऱ्यापुढे. मग तुटक तुटक म्हणाला, "मला दिसलं नाही गं. निळं दिसलं. हसताना दिसली. त्या यंत्रानं सांगितलं होतं मला, तुम्हीच बघा म्हणून. मी बघितलं. मला वाटलं तीच. माझीच बायको मला ओळखू आली नाही."

"तुमचे डोळे एवढे गेलेत, आणि बोलला नाहीत?" लेक रडायला लागली होती.

"कोणाला बोलू? तिला माहीत होतं."

लेक त्याला पाणी आणायला मागच्या टेबलाकडे गेली. कटर तिथेच होता, आणि त्याच्याखाली कागदाची एक अरुंद पट्टी पडली होती, दोन बोटं रुंद. तिनं सहज उचलली. पट्टीत दोन हात होते, बाळाच्या काखा धरलेले. डाव्या मनगटावर आडवा, तपकिरी डाग होता. लॅमिनेशनच्या मशीनवर भाजलेला. त्या डागावर लहानपणी तिनं स्वतः फुंकर घातली होती.

पाण्याचं विसरून ती तशीच त्याच्यापाशी आली. "बाबा, फोटोत आई आहे. ही बघा. चादरीमागे होती. हे तिचे हात."

त्यानं पट्टी डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, उजेडाकडे फिरवली. काही दिसेना. मग अंगठ्यानं चाचपली. गुळगुळीत कागद नुसता.

"डाग आहे?"

"आहे."

"घट्ट धरलंय का बाळाला?"

"हो, बाबा. नेहमीसारखं."

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"मी कापले," तो म्हणाला. "ती होती तेवढी मीच कापून टाकली."

"फाईल आहे ना, बाबा. परत काढू प्रिंट. अख्खी काढू."

"काढ. तूच काढ," तो म्हणाला. "मला कटरजवळ जाऊ देऊ नकोस." आणि ती पट्टी चुरगळू नये म्हणून दोन्ही तळव्यांत सपाट धरून तो स्टुलावर तसाच बसून राहिला, सरळ समोर बघत.