कालच्या पावाचा टोस्ट

चामोर्शीच्या बाजाररस्त्यावर कमळाबाईची बेकरी आहे. पाटीवर मात्र नाव नवऱ्याचं, 'धनराज बेकरी'. धनराजभाऊ भट्टीचं काम राजुऱ्याला शिकले, बाई त्यांच्याकडून शिकली. आता भाऊ मोटरसायकलवर पाव घेऊन गावोगाव फिरतात आणि भट्टी बाई सांभाळते. चौदा वर्षांत सुट्टी किती घेतली असं विचारलं, तर भट्टीला विचार म्हणते.

बेकरीचं इन्स्टाग्राम मी चालवतो. शेजारीच माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मोबदला रोज दोन खारी, आणि कामही दोन खारींइतकंच. ॲपमधलं तयार कॅप्शन उचलायचं, रिकाम्या जागी बेकरीचं नाव टाकायचं, झालं.

आठवडी बाजाराच्या दोन दिवस आधी सकाळी बाई टोस्टसाठी पाव कापत होती. मी फोटो काढला आणि खाली टाकलं, 'धनराज बेकरी! प्रेमाने बेक केलेलं! रोज ताजं, कालचं काहीच नाही! #फ्रेशलीबेक्ड #बेकरीलव्हर्स #मुंबईफूडी'. असे एकूण सव्वीस हॅशटॅग.

आमच्याच गल्लीतल्या अजयने आदल्या संध्याकाळी बेकरीतून पाव नेले होते. त्याने कमेंट केली, "काकू, हे पाव त काल सांजच्याले माह्यासमोर निघाले. मंग कालचं काहीच नाई कसं?" खाली एकतीस जण हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाटपरीवाले गुणवंतराव आले. दर बाजाराला टोस्टचे चाळीस पुडे तेच नेतात.

"बाई, उद्याचे पुडे राहू द्या. लोकं विचारून राह्यले, शिळा टोस्ट देता का म्हणून. मी कंपनीचा घेतो."

पावासाठी भट्टी पेटते, पण बेकरी चालते ती टोस्टावर. बाई पिठाच्या हातांनीच माझ्या दुकानात आली.

"काय लिवलं रे तू?"

मी वाचून दाखवलं.

"कालचं काहीच नाई? अरे, टोस्ट कालच्याच पावाचा होते! गरम पाव कापला त भुगा होते. रातभर बसू द्या लागते, सकाळी कापा लागते, आन् पाव काढल्यावर भट्टीची आच उतरली का मंग तिच्यात वाळवा लागते. इतकंही मालूम नाई, अन् दोन वर्षांपासून खारी खाऊन राह्यला!"

"पोस्ट काढून टाकतो, काकू."

"काढू नको. लपवलं म्हणतीन. बदलता येते का?"

कॅप्शन बदलता येतं. फोटो आणि अजयची कमेंट तशीच राहते, असं मी सांगितलं.

"राहू दे. तो खरं बोलला."

मग ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. मध्येच मी 'स्वादिष्ट' घातलं.

"हे कोण म्हटलं?"

पुसलं. हॅशटॅग दाखवले.

"मुंबईवरून कोण येऊन राह्यलं टोस्ट खाले?"

सव्वीसच्या सव्वीस गेले. त्यांत चामोर्शी नव्हतीच, ती नवीन टाकावी लागली. फोटोखाली आधी पहिली ओळच दिसते, बाकीचं दाबल्यावर उघडतं, हेही मी सांगितलं. बाई म्हणाली, "मंग कालचा हाये हेच पयले टाक."

शेवटी झालं ते असं:

'हा पाव कालचा आहे. टोस्ट कालच्याच पावाचा बनते. ताजा कापला त भुगा होते. भट्टीत वाळवला का या बाजारापासून त्या बाजारापर्यंत टिकते. सादळला त वापस आणून द्या. कडक हाये, चहात बुडवून खा. आधी इथी कालचं काहीच नाई असं लिवलं होतं, ते चूक होतं. कमळा. #चामोर्शी'

फोन घेऊन मी टपरीवर गेलो. गुणवंतरावांनी दोनदा वाचलं.

"कडक हाये? आपल्याच मालाले असं कोणी म्हणते का?"

"काकू म्हणते."

ते चहा ढवळत म्हणाले, "वीस पाठवा म्हणा. खपले त बाकीचे पाहू."

बाजाराच्या दिवशी बुधरीबाई जंगलातल्या गावाहून आली आणि नेहमीसारखे दोन पुडे घेऊन गेली. तिच्याकडे फोन नाही, त्यामुळे या प्रकरणात तिचं मत कोणी विचारलं नाही. तीन वाजता गुणवंतरावांनी उरलेले वीस मागवले.

संध्याकाळी अजय आला. हातात सादळलेल्या टोस्टचा पुडा.

"काकू, वापस आणा म्हटलं होतं तुमी."

बाईने पुडा उलटून पाहिला. कंपनीचा होता.

"काऊन रे? हा माह्या भट्टीचा हाये का?"

"कालचा त हाये."

मला वाटलं आता लाटणं निघतं. पण बाईने पुडा फोडला, तुकडे ट्रेवर मांडले आणि कोमट भट्टीत सरकवले. बऱ्याच वेळाने कडक टोस्ट अजयच्या हातात परत आला. मी फोन काढला.

"हे लिवू नको," ती म्हणाली. "नाई त अख्ख्या चामोर्शीचा टोस्ट इथीच येईन वाळाले."