एका दिव्याचा फोटो

स्टुडिओत तिला सगळे बत्तीमावशी म्हणत. बावीस वर्षं दिवे लावणारी बाई, आणि तोंडाची अशी फटकळ की नवा फोटोग्राफर आधी तिच्याशी जुळवून घ्यायचा, मग कॅमेऱ्याशी. त्या दिवशी मात्र ती गप्प होती. म्हणजे डोकं पार सटकलं होतं.

समोर स्टुलावर एक सुतार बसला होता. यंत्राच्या करवतीत त्याचा उजवा हात मनगटापासून गेलेला. दीड वर्षात डाव्या हाताने रंधा मारायला शिकला, आणि शिकवणाऱ्या संस्थेच्या पोस्टरसाठी इस्त्रीचा शर्ट घालून आला. पोस्टर बघून लोक काम देतील, एवढीच त्याची आशा. आणि पोस्टर करणाऱ्या जाहिरातवाल्याच्या कागदावर काय? ‘उदास मूड. लो-की, म्हणजे काळोखच जास्त. बाजूने एकच कडक दिवा, मागे काळा पडदा, अर्धा चेहरा गडद सावलीत.’

मावशीने मुकाट्याने तसा दिवा लावला. फोटोग्राफरने काढलेला फोटो कॉम्प्युटरवर आला, तर तुटकं मनगट लख्ख उजेडात आणि रंधा धरलेला हात काळोखात गडप. सुतार बघतच राहिला.

“ताई, मी एवढा बिचारा दिसतो का हो?”

नवरा गेला तेव्हा मावशीचाही असाच फोटो निघाला होता, कुठल्याशा मदतनिधीसाठी. पुढे ती जाईल तिथे लोक हळहळायचे, पाणी विचारायचे, पण काम द्यायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. तो राग अजून गेला नव्हता.

तेवढ्यात संस्थेच्या बाईंचा फोन आला. पोस्टरचा मथळा ठरला होता, ‘मी पुन्हा कामाला लागलोय.’

“काही बिघडत नाही,” जाहिरातवाला म्हणाला. “हाच फोटो कॉम्प्युटरवर उजळ करा. झालं हाय-की, उजेडाचा फोटो.”

फोटोग्राफरने उजळ केला. काळ्याचं मळकट राखाडी झालं, त्यात दाणे उठले, उजेडातला गाल पांढराफटक पडला आणि नाकाजवळची सावली होती तशीच राहिली. माणूस आजारी दिसायला लागला.

“दिव्याने टाकलेली सावली दिव्यानेच निघते,” मावशी फोटोग्राफरला म्हणाली. “ऊठ त्या कॉम्प्युटरवरून.”

तिने पांढरा पडदा सोडला, त्यावर दोन दिवे टाकले. समोर मोठा मऊ उजेड, सावलीच्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तक्ता. मग जाहिरातवाल्याचा कागद ओढून त्याच्या ओळींवर काट मारली आणि खाली लिहिलं: ‘समोरून मऊ उजेड. मागे पांढरा पडदा. सावली जेमतेम. डोळे आणि दोन्ही हात स्वच्छ दिसावेत.’

नव्या फोटोत सुतार ओठांच्या कोपऱ्यातून हसत होता. “हां, हा मी.”

“छान,” जाहिरातवाला म्हणाला. “पण तो काळोखातलाही ठेवा. दुसऱ्या एखाद्या कामाला होईल.”

मावशीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जुना फोटो कॉम्प्युटरवर आणला आणि सुताराला जवळ बोलावलं.

“दादा, हे पुसायचं बटण. तुमच्या हाताने दाबा.”

“मी मालकांना सांगेन हं,” जाहिरातवाला म्हणाला.

“सांग.”

सुताराने डाव्या हाताने बटण दाबलं.