पिवळ्या पट्टीची वीस मिनिटं

महाडच्या एका खाजगी दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. माहेर पोलादपूरचं, त्यामुळे डोंगरातली माणसं आली की सिस्टर मलाच हाक मारते. सिस्टर केरळची, कामाला चोख, हिंदी जेमतेम. इमर्जन्सीचा फॉर्म इंग्रजीत. ती विचारते, मी मराठीत विचारते, उत्तर आलं की हिंदीत तिच्या हवाली करते. मग ती नाडी, बीपी, श्वास बघून पेशंटच्या मनगटाला कागदी पट्टी बांधते. लाल म्हणजे या क्षणी आत. पिवळी म्हणजे लवकर, पण लालवाले झाल्यावर. हिरवी म्हणजे बसा, धोका नाही.

हे सांगणं वाटतं तितकं सोपं नाही. लाल मिळावी म्हणून भांडणारे असतात, तसेच लाल नको म्हणून रडणारेही. एका बाईने नवऱ्याच्या हातावरची लाल पट्टी सोडून पदरात लपवली होती, अपशकुन नको म्हणून. मी चिडते. चिडून झालं की पुन्हा पहिल्यापासून सांगते.

त्या दिवशी दुपारी कुडपणहून तिघं आली. सासू, सासरे आणि मधे धरून आणलेली सून. असेल तेवीस-चोवीसची. घाटातून जीपने पोलादपूर, तिथून हायवेने महाड. सून खुर्चीत बसली ती पोट धरून, पुढे वाकून.

"काय होतंय?" मी तिला विचारलं.

"सकाळधरनं पोटात दुखतंय तिच्या. दोनदा उलटी झाली," सासरे म्हणाले.

"चक्कर?"

"आली. अंगणात बसली ती बसलीच," पुन्हा सासरेच.

आमच्याकडे हे असंच. पेशंट सोडून सगळे बोलतात. मी त्यांचं सिस्टरला सांगत गेले. मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला, बाईमाणूस पोट दुखतं म्हणून आली की पहिल्या पाचात असतो तो. शेवटची पाळी कधी?

मी विचारलं. सासरे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. सुनेने मान आणखी खाली घातली. उत्तर सासूने दिलं, आणि तेही ठणठणीत.

"पंधरा दिस झाले. चार दिस बाजूला बसलेली. नाचणी काढायला घेतली नि ही बसली."

"ऐन नाचणीत," सासरे घड्याळाकडे बघतच म्हणाले.

त्यांच्या घरात अजून बाजूला बसणं पाळतात. त्या चार दिवसांत बाई चुलीला शिवत नाही, शेतात, खळ्यावर जात नाही. म्हणजे तारीख सासूला तोंडपाठ असणार, यापेक्षा पक्का पुरावा कुठला? मी सिस्टरला सांगितलं, पंधरा दिन पहले. तिने तसं लिहिलं. नाडी जरा जलद होती, बीपी थोडं कमी, पण घाबरण्याइतकं नाही. पिवळी पट्टी बांधली. आत एक मोटारसायकलवाला लाल पट्टीचा होता, डॉक्टर त्याच्यापाशी.

"पिवळी म्हंजे बरी ना?" सासऱ्यांनी विचारलं. "हळदीसारखी हाय."

"बरी नाही नि वाईटही नाही. थोडा वेळ थांबायचं. जास्त वाटलं तर लगेच मला सांगायचं."

लघवीची तपासणी तशीही होणारच होती. पण तिचा नंबर येईल तेव्हा, पिवळ्यांच्या रांगेत.

दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. मी दुसऱ्या कुणाचा फॉर्म भरत होते. सासरे टेबलाशी आले. "आता खांदा धरतेय. भारे वाहून वाहून धरला असंल."

मी फॉर्म खाली ठेवला. पोटात रक्त साचलं की कधी कधी खांद्याच्या टोकाला दुखतं, हे मला सिस्टरने पूर्वी एकदा सांगितलं होतं. मी सुनेकडे बघितलं. ओठ पांढरे पडले होते. आणि ती माझ्याचकडे बघत होती, मघापासून बघत असावी.

"आबा, तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स लागेल," मी सासऱ्यांना म्हटलं. "रस्त्यापलीकडे दुकान आहे." झेरॉक्स मशीन माझ्या पाठीमागेच होतं.

ते बाहेर पडले तशी मी तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. सासू शेजारी होती, तिला कुठे पाठवणार?

"खरं सांग गो. पाळी आली होती का?"

तिने सासूकडे बघितलं नाही. "नाय आली, ताय. अंग मोडून आलेला. चार दिस निजायला भेटंल म्हनून बसली."

"त्याच्या आधी कधी?"

"गणपतीच्या आधी. मंग ते आलेले." ते म्हणजे नवरा, मुंबईला असतो.

मी उठले आणि सिस्टरला जवळजवळ ओरडूनच सांगितलं, पीरियड नहीं आया, डेढ़ महीना ऊपर हो गया, कंधा दुख रहा है. तिने लगेच बीपी पुन्हा घेतलं. मघापेक्षा बरंच खाली आलं होतं. तिने पिवळी पट्टी कापली, लाल बांधली आणि स्ट्रेचर मागवलं. पुढचं सगळं भराभर झालं. दोन्ही हातांना सलाईन, लघवीची तपासणी, सोनोग्राफी. गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटली होती, पोटात रक्त साचत होतं. नवऱ्याला फोन लावला, सासूचा अंगठा घेतला, रक्ताच्या पिशव्या सांगितल्या. सुनेला ऑपरेशनला घेतलं.

सासू बाकावर बसली होती. माझा राग अजून गेला नव्हता, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच होता. "तुम्ही इतकं छातीठोक सांगितलंत," मी म्हटलं, "म्हणून मीही तसंच सांगितलं."

"मला ठाव होता गो," ती म्हणाली. "धुनं दिसतं की. ती उगाच बसलीय ह्ये मला पयल्याच दिशी कळलं."

"मग?"

"मी पन बसायची. नाचणीत नि लावणीत. आमच्या सासूनं कधी काय इचारलं नाय." तिने दाराबाहेर उभ्या सासऱ्यांकडे बघितलं. "ह्यांच्या म्होरं कशी सांगू? जलमभर ऐकवलं असतं तिला."

मी तिला पाणी आणून दिलं.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. वाचली, एवढंच म्हणाले, आणि हात धुवायला गेले. सासऱ्यांच्या हातात झेरॉक्स तशीच होती. त्यांनी मला सगळं विचारून घेतलं. मी नळीचं समजावलं. ते हिशेब लागत नसल्यासारखं कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पन पोटुशी होती तर ती चार दिस बाजूला कशी बसली?"

सासूने हातातला ग्लास घट्ट धरला.

"डॉक्टर म्हणतात, अशा दुखण्यात मधेच थोडं रक्त जातं," मी म्हटलं. "बाईला वाटतं, पाळीच आली." असं होतं हे खरं आहे. डॉक्टर मात्र यातलं अक्षर बोलले नव्हते.

"म्हंजे तवापासनंच दुखनं होतं तिला."

"हो."

"मी लय बोललो तिला. कामचुकार म्हनलो." त्यांनी झेरॉक्सची घडी घातली, पुन्हा उलगडली. "उगाच बोललो."

"उगाचच बोललात," मी म्हटलं. यात मात्र मी पदरचं काही घातलं नव्हतं.