अर्ध्या मिलीचा मार

प्रयोगशाळेच्या सरांना मागून सगळे जमदग्नी म्हणत. उत्तर चुकलं की हात पुढे करायचा, हा त्यांचा नियम.

त्या दिवशी मिठाच्या पाण्याची घनता सगळ्यांची जुळली. रिकामं मोजपात्र तोललं, पन्नास मिली भरून पुन्हा तोललं, वाढलेले पंचावन्न ग्रॅम भागिले पन्नास: १.१. मग चोपन्न ग्रॅमचा ओबडधोबड दगड दोऱ्यानं पाण्यात सोडला. सरांचं पाणी वीस मिली चढलं, घनता २.७. एका मुलीचं साडेवीस, घनता २.६. सरांनी तिच्या हातावर पट्टी अशी ओढली की पट्टीला रक्त लागलं.

मग त्याच तावात ते फळ्यावर त्रुटी शिकवायला लागले. "पातळी दोनदा वाचतो. दर वेळी अर्धा मिली इकडेतिकडे होणारच. म्हणजे वीस मिलीत एक मिलीची चूक. म्हणून दगडाची घनता २.६ ते २.८, यातली कुठलीही..."

खडू थांबला.

मुलगी उठली. सुजलेल्या हातानं तिनं टेबलावरची पट्टी उचलली.

"सर, हात पुढे करा."

जमदग्नींनी केला. पहिल्याच रट्ट्याला खडू उडून पडला, आणि ती थांबली नाही.