मावशीच्या लॅपटॉपचा राखणदार

लोणावळ्यात भुशी धरणाच्या वाटेवर माझ्या मावशीच्या दोन खोल्या आहेत. शनिवार-रविवारी पाहुणे उतरतात. बुकिंगसाठी तिनं नवा लॅपटॉप घेतला आणि तो सुरू करायला मला बोलावलं. कारण अख्ख्या मावळात कॉम्प्युटर कळणारा माणूस मी एकटाच, असं मीच तिला सांगून ठेवलेलं.

लॅपटॉपात व्हायरसपासून राखण करणारं सॉफ्टवेअर आधीच भरलेलं होतं. महिनाभर फुकट, फक्त ऑटोपे चालू करा, म्हणालं. मी ‘होय’ दाबत सुटलो. बोहल्यावरसुद्धा इतका तयार नव्हतो. मावशीनं फोनवर क्यूआर स्कॅन करून पिन टाकला.

सव्विसाव्या दिवशी तिचा फोन.

“आरं, हे म्हणतंय चार दिसांनी अडीच हजार कापणार! ते पैसं गिझरचं हायेत. पाहुणे काय गार पान्यानं आंघोळ करत्याल व्हय?”

मी वाघासारखा पोचलो. सेटिंग्जमध्ये शिरून ते सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करायला घेतलं. ‘तुम्ही असुरक्षित व्हाल’, ‘खरंच काढायचं?’... सासुरवाडीहून निघताना मला कुणी एवढं अडवलेलं नाही. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा चालू झाला. राखणदार गायब! मी चहा मागितला, सोबत भजी.

भजी तळता तळता मावशी म्हणाली, “कंपनीला सांगितलंस?”

“आता काय सांगायचं? मुळासकट उपटलंय.”

मावशीनं वीस वर्षं लोणावळ्यातले बंगले सांभाळलेत. “आमच्या शेठनी एकदा वॉचमनला गेटवरनं हाकलला,” ती म्हणाली. “एजन्सीचं बिल तीन म्हैनं येतच हुतं. तिला कुटं कुणी कळवलं हुतं?”

मी हसलो. हसता हसता तिच्या फोनात ऑटोपेची यादी उघडली. अडीच हजार, तारीख तीच, ‘चालू’. भज्याचा ठसका लागला तो पार राजमाचीच्या किल्ल्यापर्यंत ऐकू गेला असेल.

मग कंपनीच्या साइटवर तिच्या खात्यात शिरायचं, तर पासवर्ड मी ठेवलेला आणि मीच विसरलेला. ईमेलवर लिंक मागवून नवा केला. तिथं आपोआप नूतनीकरणाचं बटण बंद करायला गेलो, तर धमकी आली, मग निम्म्या भावाची लालूच, आणि शेवटी मुंगीएवढ्या अक्षरात ‘नको, बंद करा’. ते मावशीनंच चष्मा लावून हुडकलं. त्यानंतर फोनातला ऑटोपेही तिनं पिन टाकून रद्द केला.

“आता राखण कोण करनार?”

“विंडोजचा स्वतःचा राखणदार असतो. पहिला गेला की आपोआप उभा राहतो. बिनपगारी.” उघडून दाखवला, चालू होता.

“मंग पहिल्याला कशाला ठेवलास रं, शाण्या?”

पैसे कापायच्या दिवशी मी सकाळपासून तिच्याकडेच. मेसेज एकच आला: शनिवारचं बुकिंग. दुपारी मिस्त्री गिझर लावून गेला, आणि मावशीनं त्याला बजावलं, “वॉरंटीच्या कागदावर सही मी करीन. ह्याच्या हातात पेन द्यू नगा.”