एकोणीस मेकॅनिक, एकच साहेब

आमचे साहेब लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. माणूस सोन्यासारखा, पण "मला विचारल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही" हा त्यांचा हुकूम. आम्ही पाच मेकॅनिक होतो तोवर काही अडत नव्हतं. फोन लावला की दुसऱ्या रिंगला "लाव" किंवा "थांब". विषय संपला.

मग एकदम चाळीस इमारतींचं काम आलं आणि चार महिन्यांत पाचाचे एकोणीस झालो. साहेब मात्र एकच! दिवसाचे पंधरा फोन सत्तरवर गेले. नव्यांना तर स्क्रूसुद्धा विचारून पिळायचा असायचा. एकाशी बोलेपर्यंत चौघे रांगेत. पाच मिनिटांत मिळणारं उत्तर दुपार उलटली तरी मिळेना. साहेब घास हातात धरून बोलत बसायचे.

मी म्हटलं, "अहो, तीन जुन्या माणसांच्या हाताखाली माणसं वाटून द्या."

"आणि चुकीचा पार्ट लागला तर बोंब कुणाच्या नावाने?" घ्या!

मंगळवारी नेमकी साहेबांच्याच इमारतीतली लिफ्ट बंद पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचं लॉक जळलेलं. नवं लॉक माझ्या पिशवीत, काम वीस मिनिटांचं आणि साहेबांचा फोन सतत बिझी. सातव्या मजल्यावर त्यांची आई तयार होऊन बसलेली. अकराला मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि गुडघ्यांमुळे जिना उतरणं अशक्य. सांगायला मीच वर गेले.

"पार्ट आहे ना तुझ्याकडे? मग लाव की!"

"साहेबांना विचारावं लागतं, आजी."

"कुठल्या साहेबांना?"

"तुमच्या मुलाला."

आजी खो खो हसल्या. मग त्यांची नजर घड्याळावर गेली. साहेबांचा फोन आला पावणेएकला. ऑपरेशनची पुढची तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची. हुकूम त्यांचा खरा, पण तो मोडायची हिंमत मला झाली नाही, याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा तीन जुन्यांना बोलावलं. उरलेले सोळा जण आमच्यात वाटून दिले, पाच, पाच आणि सहा. लॉक, बटणं, दिवे आम्हीच ठरवायचं. मोटर, ब्रेक, दोर त्यांना विचारायचं. माझ्या एका माणसाने दोनच दिवसांत चुकीचं लॉक बसवलं. मी शिव्या घातल्या, संध्याकाळी बदललं. आभाळ काही कोसळलं नाही. साहेब मात्र कुरकुरायचे, "हल्ली मला काही कळतच नाही बुवा!"

ऑपरेशनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ते आईजवळच होते. त्या दोन दिवसांत चार लिफ्ट बंद पडल्या, चारही आम्ही चालू केल्या. पट्टी काढली तेव्हा मी भेटायला गेले होते. आजींनी मुलाकडे टक लावून पाहिलं.

"अरे, किती वाळलास रे! आणि मला मेलीला दिसलंच नाही इतके दिवस."